निघण्याआधीचा फोन

गुरुवारची सकाळ, दहा बावन्न. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटसमोर एक गाडी थांबते. पुढच्या सीटवरून पन्नाशीचे गृहस्थ उतरतात, हातात पॅकिंगच्या नमुन्यांचा खोका. मागून त्यांचा तंत्रज्ञ टूलबॉक्स घेऊन उतरतो. वॉचमन रजिस्टर पुढे सरकवतो. नाव, कंपनी, कोणाला भेटायचं हे रकाने भरेपर्यंत फोन वाजतो. मेसेज आलेला असतो: "सर, आजची ११ ची मीटिंग दुपारी ४ वाजता शिफ्ट केली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." आणि खाली जोडलेले दोन हात.

या मेसेजमध्ये खोट काढायला बसलं तर सहजी सापडत नाही. 'सर' आहे, 'क्षमस्व' आहे, नवी वेळ आहे, हातही जोडलेले आहेत. तरीही तो वाचून गृहस्थ खोका गाडीच्या बॉनेटवर ठेवतात आणि काही क्षण नुसतेच गेटकडे बघत राहतात. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी हा मेसेज उद्धटच वाटला असता. शब्द सगळे सभ्य आणि कृती उद्धट, हे जमतं कसं, याचा विचार करण्यासारखा आहे. ऐनवेळी भेट पुढे ढकलण्यात जे काही बिघडतं ते जवळजवळ सगळं या एका ओळीत आहे.

पहिली गोष्ट घड्याळाची. मेसेज पाठवणाऱ्या खरेदी विभागाच्या बाईंच्या हिशेबाने तो अकराच्या आत गेला, म्हणजे वेळेत गेला. पण हे गृहस्थ राहतात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला. तिथून माजिवडा, मग साकेतवरून कळवा, विटावा, दिघा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे. सकाळच्या वेळी या वाटेला दीड तास धरावाच लागतो, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं तर तो दीड तासही कागदावरच राहतो. शिवाय तंत्रज्ञाला कळवा नाक्यावर घ्यायचं होतं, म्हणून ते सव्वानऊलाच निघाले. त्यांच्यासाठी अकराची मीटिंग सव्वानऊला सुरू झाली होती. एखादी भेट 'ऐनवेळी' रद्द झाली की 'बऱ्याच आधी', हे भेटीच्या वेळेवरून ठरत नाही. समोरचा माणूस घराला कुलूप कधी लावतो त्यावरून ठरतं. ठाण्याहून नवी मुंबईत किंवा उलट कोणी येणार असेल तर भेटीच्या वेळेतून दोन तास वजा करायचे, आणि ती आपली शेवटची मुदत मानायची. अकराची भेट असेल तर नऊ. नऊनंतर जो निरोप जाईल तो घरी बसलेल्या माणसाला जात नाही, रस्त्यावरच्या माणसाला जातो, आणि त्या दोघांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

आता दुसरी बाजू. बाईंना हे कधी कळलं? आठ चाळीसला. त्यांच्या एका मोठ्या ग्राहकाची ऑडिट टीम शुक्रवारऐवजी गुरुवारीच येऊन थडकली, आणि दिवसभर त्यांना आणि उत्पादन विभागाच्या साहेबांना शॉप फ्लोअरवर त्यांच्याबरोबर फिरावं लागणार हे तेव्हाच स्पष्ट झालं. म्हणजे मुदतीला अजून वीस मिनिटं होती. मग दोन तास बारा मिनिटं गेली कुठे? चांगल्या हेतूने गेली, हीच यातली गंमत. बाईंनी आधी साहेबांना विचारलं की दुपारी जमेल का. साहेब फोन उचलेनात. मग कॉन्फरन्स रूम चारला मोकळी आहे का ते पाहिलं. मग पुण्याहून व्हिडिओवर येणाऱ्या सल्लागारांना विचारलं. ते म्हणाले, दहा मिनिटांत सांगतो. सगळं जुळून नवी वेळ पक्की झाली तेव्हा दहा एकावन्न झाले होते. नुसतं 'आज जमत नाही' म्हणणं बरं दिसत नाही, काहीतरी ठोस घेऊनच फोन करावा, असं त्यांना वाटलं. बहुतेकांना असंच वाटतं.

इथेच गाडी रुळावरून घसरते.

भेट पुढे ढकलणं हे दिसायला एक काम असलं तरी ती दोन कामं आहेत. ठरलेली भेट होणार नाही, ही बातमी आहे. ती तुमच्या हातात आहे, पक्की आहे आणि ताबडतोब द्यायची आहे. नवी वेळ ही विनंती आहे. ती समोरच्याच्या हातात आहे, आणि तिला थोडा वेळ लागला तरी चालतं. बाईंनी विनंतीची तयारी होईपर्यंत बातमी अडवून धरली. आणि शेवटी दोन्ही एकत्र पाठवली तेव्हा विनंतीलाही बातमीचं रूप आलं: 'शिफ्ट केली आहे'. चार वाजता त्या गृहस्थांना जमतं का, हे कोणी विचारलंच नाही. सभ्य शब्दांत लपलेला उद्धटपणा तो हा. शिवाय चारची भेट म्हणजे साडेपाचला सुटका, आणि साडेपाचला महापेहून घोडबंदरकडे निघणं म्हणजे संध्याकाळच्या गर्दीच्या बरोबर मध्ये शिरणं. बाईंच्या कॅलेंडरमध्ये सगळ्यात सोयीची असलेली वेळ त्यांच्यासाठी अख्ख्या दिवसातली सगळ्यात वाईट होती.

हीच सकाळ नीट कशी गेली असती ते पाहू. आठ चाळीसला कळलं, तर आठ बेचाळीसला फोन. मेसेज नाही. गाडी काढायच्या घाईत असलेला माणूस मेसेज बघेलच असं नाही. दोन राखाडी टिकांचा अर्थ फोनपर्यंत पोचला एवढाच, माणसापर्यंत पोचला असा नाही. आणि फोनवर पहिलं वाक्य कामाचं. "कसे आहात, बरेच दिवसांत बोलणं नाही," अशी प्रस्तावना बांधत बसलं की ऐकणारा ओळखतो की काहीतरी वाईट येतंय. साधारण असं:

"नमस्कार साहेब, महापेहून बोलतेय. तुम्ही निघायच्या आत फोन करावा म्हटलं. आजची अकराची आपली भेट होऊ शकत नाहीये. आमच्या एका ग्राहकाचं ऑडिट उद्याचं आजच आलंय, मी आणि उत्पादनाचे साहेब दोघंही दिवसभर त्यात अडकलोय. तुमच्या कोटेशनचं काही बदललेलं नाही, ते आहे तिथेच आहे. नव्या वेळा मी साडेदहापर्यंत मेसेज करते, तोवर तुम्ही काही करायची गरज नाही. सॉरी, तुमची सकाळ मोडली."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. त्यातलं 'तुमच्या कोटेशनचं काही बदललेलं नाही' हे वाक्य माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात. भेट रद्द झाली की पुरवठादाराच्या मनात पहिला विचार सकाळ वाया गेल्याचा नसतो. ऑर्डर दुसऱ्याला गेली का, हा असतो. मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराला वाटतं की जागा भरली. भाडेकरूला वाटतं की घर दुसऱ्याला दिलं. 'काही अपरिहार्य कारणास्तव' हे सरकारी छापाचं वाक्य ती शंका वाढवतं, कारण त्यातून काहीच कळत नाही आणि काहीही असू शकतं असं कळतं. म्हणून कारण सांगायचं ते स्वतःची सुटका करून घ्यायला नव्हे. मूळ काम शाबूत आहे की नाही, हे समोरच्याला त्यावरून ताडता यावं म्हणून सांगायचं. त्यासाठी एक वाक्य पुरतं. घरी आजारपण असेल तर 'घरी तब्येतीची अडचण आहे' एवढं बास. कोणाची, कसली, कुठल्या दवाखान्यात, हे सांगितलं की ऐकणाऱ्यावर विचारपूस करायची जबाबदारी येते आणि तुमची भेट बाजूलाच राहते. दोन भेटी एकाच वेळी लागल्या असतील तर तसं सरळ सांगावं. खोटं मात्र सांगू नये, आणि हे नीतीपेक्षा भूगोलामुळे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तेच पुरवठादार, तेच ट्रान्सपोर्टवाले, तेच सर्व्हिस इंजिनीअर या गेटमधून त्या गेटमध्ये जात असतात. तापाने आडवे झालेले साहेब दुपारी रबाळ्याच्या एखाद्या कारखान्यात दिसले, ही बातमी संध्याकाळच्या आत घोडबंदरला पोचते.

अवघड कारण एकच असतं: दुसरा कोणीतरी तुमच्यापेक्षा मोठा निघाला. इथेही ऑडिट हे खरं कारण आहे, पण त्याचा दुसरा अर्थ 'मोठा ग्राहक आला म्हणून तुम्हाला बाजूला केलं' असाही होतो. हा अर्थ लपवता येत नाही आणि लपवायची गरजही नाही. फक्त तुलना तोंडाने बोलून दाखवायची नाही. 'ऑडिट आलंय' हे कारण झालं. 'ते आमचे सगळ्यात मोठे ग्राहक आहेत ना, तुम्ही समजू शकता' हा अपमान झाला.

आणि सॉरी एकदाच. चार वेळा माफी मागितली की समोरच्याला चार वेळा 'अहो नाही नाही, काही हरकत नाही' म्हणावं लागतं. नुकसान त्याचं झालं आणि समजूतही त्यानेच काढायची, असा उलटा कारभार होतो.

पण समजा बातमीच उशिरा कळली आणि फोन लागला तेव्हा ते गृहस्थ विटाव्याला पोचलेले आहेत. तेव्हा पहिला प्रश्न 'कुठे पोचलात?' आणि दुसरं वाक्य 'मग तुम्हाला दोन गोष्टी करता येतील.' एक, तिथूनच परत फिरायचं. दोन, यायचंच, पण खरंच काही काम होईल असं. म्हणजे मेंटेनन्सचा माणूस त्यांना अर्धा तास पॅकिंग लाइन दाखवेल, तंत्रज्ञ मापं घेईल, आणि खरेदीची बोलणी नंतर. हे दुसरं तेव्हाच सांगायचं, जेव्हा मेंटेनन्सच्या माणसाला आधी विचारलेलं असेल. नाहीतर ते येतात, रिसेप्शनवर तासभर बसतात आणि कोणीतरी येऊन 'मॅडम बिझी आहेत' म्हणून जातं. 'या, मी पाच मिनिटं काढते' हे आश्वासन तर देऊच नये. ऑडिटच्या दिवशी पाच मिनिटं निघत नाहीत आणि पाहुण्याला मात्र त्या पाच मिनिटांची वाट पाहत दीड तास बसावं लागतं. निवड त्यांच्यावर सोडायची आणि 'परत फिरतो' म्हणाले तर आग्रह करायचा नाही.

गेटवर पोचलेल्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे फोनही पुरत नाही, जिना उतरून खाली जावं लागतं. तीन मिनिटं उभं राहून बोललं तरी चालतं, पण स्वतः. ऑडिटरही माणसंच असतात. 'एक पाहुणे गेटवर आलेत, भेटून येते' म्हटलं तर कोणी नॉनकन्फॉर्मन्स, म्हणजे त्रुटीचा शेरा, लिहीत नाही. चहाची व्यवस्था, वॉशरूमची सोय. आणि त्या नमुन्यांच्या खोक्याचं काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. ते ठेवून जाणार असतील तर सिक्युरिटीकडे इनवर्ड नोंद करून, परत न्यायचे आहेत असा शेरा मारून, पावतीचा फोटो त्यांना पाठवायचा. ही नोंद करायची राहिली की पुढच्या वेळी तेच नमुने बाहेर नेताना गेटवर अर्धा तास वाद होतो आणि जुनी जखम नव्याने उघडते. टूलबॉक्सचंही तेच: आत जाताना लिहिलेला नसेल तर बाहेर पडताना अडतो.

आता विनंती. साडेदहापर्यंत कळवते म्हटलं आहे, तर साडेदहाला कळवायचंच, पर्याय जुळले नसले तरी. 'अजून साहेबांशी बोलणं झालेलं नाही, साडेबाराला नक्की' एवढा निरोपही चालतो. गप्प बसलेलं चालत नाही. आणि वेळा पाठवायच्या त्या अशा:

"नमस्कार साहेब, सकाळी बोलल्याप्रमाणे आजची, गुरुवार १८ तारखेची ११ ची भेट रद्द. पुढच्या भेटीसाठी यातलं काही जमेल का? शुक्रवार १९, दुपारी १ वाजता, आमच्याकडे. सोमवार २२, सकाळी ११:३०, तुमच्याकडे. आम्ही दोघं येऊ. मंगळवार २३, दुपारी १ वाजता, आमच्याकडे. तिन्ही वेळा आज संध्याकाळी ६ पर्यंत राखून ठेवल्या आहेत. यातलं काहीच जमत नसेल तर तुमच्या सोयीची वेळ सांगा, मी जुळवते."

इथे 'तुम्हाला कधी जमेल?' असा मोकळा प्रश्न मुद्दाम टाळला आहे. तो ऐकायला नम्र वाटतो, पण डायरी उघडून शोधाशोध करायचं काम ज्याची सकाळ मोडली त्याच्यावरच ढकलतो. उलट एकच वेळ दिली तर तो पुन्हा हुकूम होतो. तीनपेक्षा जास्त वेळा दिल्या तर निर्णय लांबतो, आणि तुम्हालाही तेवढ्या वेळा अडवून ठेवाव्या लागतात. राखून ठेवणं हे खरंच राखून ठेवणं असायला हवं: तिन्ही वेळा स्वतःच्या आणि साहेबांच्या कॅलेंडरमध्ये लगेच टाकायच्या. नाहीतर ते गृहस्थ दुपारी दीडला 'सोमवार चालेल' म्हणतात आणि सोमवार तोवर गेलेला असतो. सहा वाजताची मुदतही त्यासाठीच. दुपारी एकची वेळ जेवणाची वाटते, पण घोडबंदरहून येणाऱ्याला ती सोयीची: सकाळची गर्दी ओसरल्यावर निघता येतं आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी घरी पोचता येतं. त्या वेळेला बोलावलं तर जेवण आपल्याकडे, हे वेगळं सांगायला नको. आणि एक पर्याय तरी त्यांच्या दारात जाण्याचा असावा. मोडलेली फेरी आपण भरून काढतो, हे त्यातून न बोलता कळतं.

वार आणि तारीख दोन्ही लिहायची. रात्री अकरा चाळीसला पाठवलेला 'उद्या ११ ला भेटू' हा मेसेज सकाळी सातला वाचला जातो, आणि वाचणारा एक दिवस पुढचा धरतो. वेळ आकड्यांत लिहायची. फोनवर साडेचार आणि चार यांत गफलत होते ती लेखी राहिली की मिटते.

तिघाचौघांची भेट असेल तर सगळ्यांना एकदम विचारू नये. ज्याला हलवणं सगळ्यात कठीण, त्याला आधी. इथे ते उत्पादनाचे साहेब. त्यांच्या तीन वेळा हातात आल्या की मग पुरवठादार, आणि शेवटी पुण्याचे सल्लागार, कारण त्यांना खुर्चीतून उठावं लागत नाही. रद्द झाल्याची बातमी देताना मात्र क्रम उलटा: जो प्रवास करणार त्याला सर्वात आधी, व्हिडिओवाल्याला नंतर. त्याशिवाय निमंत्रणात नाव नसलेली माणसं असतात. गेटवरचा पास, कँटीनमध्ये सांगितलेली चार जेवणं, स्टेशनवर पाठवायची गाडी. त्यांना कळवायचं राहिलं की नव्या दिवशी पाहुण्याचं नाव गेटच्या यादीत नसतं.

कॅलेंडरच्या बाबतीत एवढंच की फोन आधी, कॅलेंडर मागून. माणूस आपल्या तोंडून ऐकण्याआधी त्याच्या फोनवर बदललेल्या वेळेची सूचना टपकली तर फोनला अर्थ उरत नाही. नवी वेळ ठरली की जुनं निमंत्रण डिलीट करून नवं बनवू नये. तेच उघडून वेळ बदलावी, म्हणजे व्हिडिओची लिंक आणि जोडलेली कागदपत्रं तिथेच राहतात. गूगल कॅलेंडर सेव्ह करताना पाहुण्यांना कळवायचं का असं विचारतं, तिथे `Send` दाबायचं राहिलं तर बदलाची मेल कोणालाच जात नाही. दर गुरुवारची बैठक असेल तर `This event` निवडायचं. `All events` दाबलं गेलं की एका दिवसाच्या अडचणीपायी वर्षभराचे गुरुवार हलतात आणि वीस जणांना मेल जाते. खोली त्याच निमंत्रणातून बुक केलेली असेल तर नव्या वेळेला ती मिळाली का ते वेगळं पाहावं, कारण ती दुसऱ्याने घेतलेली असली तर खोलीचा नकार शांतपणे येतो आणि कोणी वाचत नाही. आणि निमंत्रण दुसऱ्याचं असेल, म्हणजे पाहुणे तुम्ही आणि अडचणही तुमचीच, तर नुसतं `No` न दाबता `Propose a new time` वापरावं. तेही फोन करूनच.

सरकारी कार्यालयाशी ठरलेली वेळ असेल तर हे गणित बदलतं. बेलापूरला कोकण भवनात अधिकाऱ्यांची वेळ घेतली आहे आणि तुम्हालाच जाता येत नाही, तेव्हा फोन साहेबांना नाही, त्यांच्या स्वीय सहायकांना करायचा, आणि तीन पर्याय द्यायचे नाहीत. 'पुढच्या आठवड्यात कधी वेळ मिळू शकेल' असं विचारायचं. तिथे मोकळा प्रश्नच सभ्य. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, तेव्हा शुक्रवारची भेट हुकली की शनिवार मागू नये. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात काम असेल तर महिन्याचा पहिला सोमवार सोडून बोलावं, कारण तो लोकशाही दिनाचा.

राहता राहिली दुसऱ्यांदा ढकलण्याची वेळ. ती येते. सोमवारी आम्ही येतो म्हटलं आणि रविवारी रात्री साहेबांना अहमदाबादला जावं लागलं. दुसऱ्या वेळी कारण कितीही खरं असलं तरी ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यावर शब्द खर्च करू नयेत. पुन्हा तीन पर्यायही नकोत. आधीच्या तिनांचं काय झालं ते समोरच्याला आठवतंय. अशा वेळी भेटीतून साहेब वगळता येतात का ते बघायचं. निम्मी बोलणी बाई एकट्या करू शकत असतील तर सोमवारी साडेअकराला त्यांनी एकटीने घोडबंदरला जायचं, नमुने बघायचे, दर सोडून बाकी सगळं ठरवायचं, आणि दराचं साहेब बुधवारी फोनवर बोलतील असं सांगायचं. तेही शक्य नसेल तर नवी वेळ त्यांनी ठरवायची, आणि त्या वेळेला आपल्या कॅलेंडरमध्ये जे काही असेल ते हलवायचं. म्हणजे आणखी कोणालातरी फोन करावा लागेल. तो त्याच दिवशी करावा, त्या माणसाच्या निघण्याच्या दोन तास आधी नव्हे.